पीटी-आयएनआर: सेकंद बरोबर, तरी रिपोर्ट चुकीचा का येतो

"मावशी, गोळी चुकली का मधे?"

"नाही हो, मोबाईलला अलार्म लावलाय नातवानं. वाजला की घेतेच."

मावशींच्या हृदयात डाव्या बाजूला कृत्रिम धातूची झडप आहे, मायट्रलच्या जागी. रक्त पातळ ठेवायची असेनोकूमरॉलची गोळी चालू आहे आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, म्हणजे आयएनआर, 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा आहे. आठ महिने तो 2.8, 2.9, 3.0 असा खुंट्याला बांधल्यासारखा होता. त्या दिवशी 2.5 आला. गोळी तीच, जेवण तेच. डॉक्टर मॅडम डोस वाढवायच्या बेतात होत्या, पण वाढवण्याआधी त्यांनी लॅबला फोन केला आणि म्हणाल्या, "या आठवड्यात माझे सगळेच पेशंट थोडे खाली आलेत. तुमच्याकडे काही बदललंय का?"

बदललं होतं. सोमवारी रिएजंटचा नवा लॉट लावला होता. मशीन ठीक, सॅम्पल ठीक, गुठळी व्हायला लागलेले सेकंदही, म्हणजे पीटीही, ठीक. मशीनमध्ये आम्ही भरलेला एक आकडा चुकला होता. तो आकडा म्हणजे आयएसआय, इंटरनॅशनल सेन्सिटिव्हिटी इंडेक्स. (कुकरवरच्या शिक्क्याशी त्याचा संबंध नाही, पण नवीन मुलं दर वर्षी विचारतात.) ही चूक कशी सापडली ते पुढे येईल. त्याआधी सॅम्पलपासून सुरुवात करू, कारण सेकंद बरोबर आहेत अशी खात्री असल्याशिवाय आकड्यांवर संशय घेता येत नाही.

सॅम्पल: निळं झाकण, आणि खुणेपर्यंत रक्त

पीटीसाठी 3.2 टक्के ट्रायसोडियम सायट्रेट असलेली निळ्या झाकणाची ट्यूब लागते. प्रमाण नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. 2.7 मिली रक्ताच्या ट्यूबमध्ये 0.3 मिली सायट्रेट असतं, 1.8 च्या ट्यूबमध्ये 0.2. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून ट्यूबमध्ये गुठळी होत नाही. नंतर चाचणीच्या वेळी आपण रिएजंटमधून मोजून कॅल्शियम परत देतो. रक्त कमी भरलं तर त्या प्लाझ्मात सायट्रेट जास्त उरतं, ते रिएजंटचं कॅल्शियमही खातं आणि पीटी खोटाच वाढतो. म्हणून खुणेच्या नव्वद टक्क्यांखाली भरलेली ट्यूब मी चालवत नाही, परत रक्त घ्यायला लावतो. बटरफ्लाय सुईने घेताना नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये जाते आणि तेवढं रक्त कमी पडतं. त्यामुळे पहिली एखादी ट्यूब टाकून द्यायची.

काळ्या झाकणाची ईएसआरची ट्यूब हाही एक सापळाच आहे. तिच्यातही सायट्रेटच असतं, त्यामुळे घाईत कोणीतरी म्हणतं, "चालेल की, सायट्रेटच आहे ना." चालत नाही. तिच्यात चार भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं, म्हणजे दुपटीहून जास्त. तसंच जांभळ्या झाकणाची ईडीटीएची ट्यूब आधी भरून मग निळी भरू नये, आणि एकीतलं रक्त दुसरीत ओतणं तर नाहीच नाही.

रक्त खूप घट्ट असेल, म्हणजे हिमॅटोक्रिट 55 टक्क्यांच्या वर असेल, तर खुणेपर्यंत भरूनही प्रमाण बिघडतं, कारण सायट्रेट प्लाझ्मात मिसळतं आणि तिथे प्लाझ्माच कमी असतो. जन्मतः हृदयदोष असलेल्या, ओठ निळे पडणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. अशा वेळी सायट्रेट किती हवं ते असं काढतात:

```
सायट्रेट (मिली) = 0.00185 × (100 − हिमॅटोक्रिट) × रक्त (मिली)
```

हिमॅटोक्रिट 60 आणि रक्त 2.7 मिली असेल तर उत्तर 0.2 मिली. ट्यूबमध्ये 0.3 आहे, म्हणून रक्त घेण्याआधी 0.1 मिली काढून टाकायचं.

ट्यूब हलक्या हाताने तीन-चार वेळा उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. मशीनवर चढवण्याआधी लाकडी काडी फिरवून आत गुठळी आहे का ते पाहायचं. बारीकशी गुठळी असली तरी त्या सॅम्पलवर वेळ घालवू नये. सेंट्रिफ्यूज 1500 जी वर 15 मिनिटं. न उघडलेल्या ट्यूबमधला पीटी खोलीच्या तापमानाला 24 तास टिकतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवायचा नाही, कारण थंडीत फॅक्टर सात आपोआप चेततो आणि पीटी खोटाच कमी येतो. "सॅम्पल फ्रिजमध्ये सांभाळून ठेवलंय" असं बाहेरच्या कलेक्शन सेंटरवरून कुणी अभिमानाने सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

सेकंद मोजणं

चाचणी 1935 साली आर्मंड क्विक यांनी मांडली आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. रिएजंटमध्ये थ्रोम्बोप्लास्टिन असतं, म्हणजे टिश्यू फॅक्टर आणि त्याला धरून ठेवणारे फॉस्फोलिपिड, आणि सोबत कॅल्शियम. हे प्लाझ्मात घातलं की फॅक्टर सात, दहा, पाच, दोन आणि शेवटी फायब्रिनोजेन असा क्रम धावतो आणि फायब्रिनची जाळी होते. थ्रोम्बोप्लास्टिन घातल्यापासून जाळी दिसेपर्यंतचे सेकंद म्हणजे प्रोथ्रोम्बिन टाइम. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा असेनोकूमरॉलची गोळी यातल्या दोन, सात आणि दहा या फॅक्टरना कमी करते, म्हणून सेकंद वाढतात.

हाताने करायचं तर असं. पावडर स्वरूपातलं रिएजंट असेल तर इन्सर्टमध्ये सांगितलेल्या मापाचं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, वायल गोल फिरवून विरघळवायची आणि सांगितलेला वेळ थांबायचं. ताजं विरघळवलेलं लगेच वापरलं तर पहिल्या काही टेस्ट लांबतात. वॉटर बाथ 37 अंशांवर आहे की नाही ते बटणावरच्या आकड्यावरून ठरवायचं नाही, पाण्यात थर्मामीटर बुडवून बघायचं. छोट्या काचेच्या ट्यूबमध्ये 0.1 मिली प्लाझ्मा घेऊन तीन मिनिटं गरम होऊ द्यायचा. वेगळ्या ट्यूबमध्ये रिएजंटही गरम झालेलं हवं. मग 0.2 मिली रिएजंट जोरात प्लाझ्मावर सोडायचं आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच चालू करायचं. ट्यूब बाथमधून काढून उजेडाकडे हलकेच तिरकी करत राहायचं. सुरुवातीला पाण्यासारखा हलणारा थर अचानक जड होतो आणि धागा दिसतो, तिथे घड्याळ थांबवायचं. प्रत्येक सॅम्पल दोनदा करायचं. दोन्हींत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा करायचं, सरासरी काढून मोकळं व्हायचं नाही.

सेमी-ऑटो मशीनवर हेच काम लोखंडी बॉल किंवा प्रकाशकिरण करतो. बॉलवाल्या मशीनमध्ये जाळी झाली की बॉलची हालचाल अडते. ऑप्टिकल मशीनमध्ये गढूळपणा वाढल्यावर उजेडात फरक पडतो. त्यामुळे कावीळ झालेल्या किंवा तेलकट प्लाझ्मावर ऑप्टिकल मशीन कधीकधी फसतं, आणि मग हाताने करून ताडून पाहावं लागतं. दोन्ही मशीन गुठळी वेगवेगळ्या क्षणी "बघतात" हे इथेच ध्यानात ठेवा. पुढची गोष्ट त्यावरच आहे.

सेकंद सगळीकडे सारखे का येत नाहीत

हाच प्लाझ्मा दोन लॅबमध्ये दिला तर सेकंद वेगळे येतात आणि दोघीही बरोबर असतात. कारण थ्रोम्बोप्लास्टिन वेगळं असतं. कुठे सशाच्या मेंदूपासून काढलेलं, कुठे रिकॉम्बिनंट मानवी टिश्यू फॅक्टर. एखादं रिएजंट फॅक्टर कमी झाल्याची चाहूल लगेच घेतं, एखादं निवांत असतं. समजा एका रुग्णाचा पीटी संवेदनशील रिएजंटवर 36 सेकंद आहे आणि निरोगी माणसांची सरासरी 12, म्हणजे गुणोत्तर 3. त्याच रुग्णाचा पीटी निवांत रिएजंटवर 20.8 सेकंद येऊ शकतो, गुणोत्तर फक्त 1.73. दुसऱ्या लॅबचा डॉक्टर म्हणणार, "अजून पातळ झालं नाही, गोळी वाढवा."

हे खरंच घडत होतं. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये मानवी मेंदूपासूनचं संवेदनशील थ्रोम्बोप्लास्टिन वापरात होतं आणि उत्तर अमेरिकेत सशाच्या मेंदूचं निवांत रिएजंट. गुणोत्तराचं लक्ष्य कागदावर सारखंच दिसायचं, पण अमेरिकेत ते गाठायला जास्त वॉरफरिन द्यावं लागायचं आणि रक्तस्राव वाढायचे. त्यावर उपाय म्हणून टी. बी. एल. कर्कवुड यांनी मांडलेली कॅलिब्रेशनची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 1983 साली स्वीकारली आणि आयएनआर आला:

```
INR = (PT / MNPT) ^ ISI
```

पीटी हा रुग्णाचा, एमएनपीटी म्हणजे निरोगी माणसांचा मध्यमान पीटी, आणि आयएसआय हा त्या रिएजंटचा घातांक. वरच्या उदाहरणात संवेदनशील रिएजंटचा आयएसआय 1.0, म्हणून 3 चे 3 च. निवांत रिएजंटचा 2.0, म्हणून 1.73 चा वर्ग, तेही 3.0. सेकंद वेगळे, आयएनआर एकच.

आयएसआय येतो कुठून

संघटनेकडे संदर्भ म्हणून ठेवलेली थ्रोम्बोप्लास्टिनं आहेत. पहिल्याचा नंबर 67/40 होता आणि त्याचा आयएसआय 1.0 धरला गेला. पुढची संदर्भ रिएजंटं त्याच्या साखळीतून मोजलेली आहेत. कंपनी आपलं नवं रिएजंट त्या साखळीतल्या एखाद्या संदर्भाशी ताडते. किमान 20 निरोगी आणि गोळीवर स्थिर असलेले 60 रुग्ण घेऊन प्रत्येकाचा पीटी दोन्ही रिएजंटवर काढतात. मग आलेखावर उभ्या अक्षावर संदर्भ रिएजंटच्या पीटीचा लॉग आणि आडव्या अक्षावर नव्याच्या पीटीचा लॉग मांडतात. ठिपके साधारण सरळ रेषेत पडतात. त्या रेषेचा चढ गुणिले संदर्भाचा आयएसआय म्हणजे नव्या रिएजंटचा आयएसआय.

चढाचा अर्थ डोळ्यांसमोर आणला की आयएसआय पाठ करावा लागत नाही. नवं रिएजंट निवांत असेल तर आडव्या अक्षावर ते थोडंच सरकतं, तोवर संदर्भ उभ्या अक्षावर बराच वर गेलेला असतो. रेषा खडी होते, आयएसआय मोठा होतो. म्हणून आयएसआय 1.0 च्या आसपासचं रिएजंट घ्यायचं. 2.0 चं रिएजंट चुकीचं नसतं, पण सेकंदांमधली एक बारीकशी चूक घातांकामुळे दुप्पट होऊन रिपोर्टावर येते.

आणि एक. या कॅलिब्रेशनमधले रुग्ण गोळीवर स्थिर असतात आणि त्यांचे आयएनआर 1.5 ते 4.5 च्या टप्प्यातले असतात. म्हणून आयएनआर 7.8 छापून आला तरी त्यातल्या दशांशाला अर्थ नाही. "खूप जास्त आहे, आत्ता फोन करा" एवढाच त्याचा अर्थ.

एमएनपीटी: "कंट्रोल" नव्हे

आपल्याकडच्या रिपोर्टांवर "कंट्रोल 12.5 सेकंद" अशी ओळ असते आणि कितीतरी लॅबमध्ये त्या दिवशीच्या नॉर्मल कंट्रोलचाच आकडा भागाकारात टाकतात. ही सवय सोडवणं सगळ्यात कठीण. दिवसाच्या कंट्रोलचं काम मशीन आणि रिएजंट ठीक आहेत का ते सांगणं एवढंच आहे. तो आज 11.8 आणि उद्या 13.0 येऊ शकतो, दोन्ही त्याच्या मर्यादेत. 30 सेकंदांचा रुग्ण, आयएसआय 1.05, तर पहिल्या दिवशी आयएनआर 2.7 आणि दुसऱ्या दिवशी 2.4. रुग्ण तोच, रक्त तेच.

एमएनपीटी प्रत्येक नव्या लॉटला एकदा काढायचा आणि लॉट संपेपर्यंत तोच ठेवायचा. किमान 20 निरोगी प्रौढ हवेत, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, वय वेगवेगळं. लॅबचे कर्मचारी, त्यांचे नातलग, रक्तदाते चालतात. गरोदर बाई नको, संततिनियमनाची गोळी घेणारी नको, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा नको, आणि वॉर्डातला "बाकी ठीक असलेला" पेशंट तर नकोच. सगळे वीस एकाच सकाळी करण्यापेक्षा तीन-चार दिवसांत पसरवा, म्हणजे रोजचा चढउतारही त्यात येतो. सॅम्पल रुग्णांचं घेता तसंच घ्या, त्याच ट्यूबमध्ये आणि त्याच सेंट्रिफ्यूजवर.

मग भूमितीय मध्य काढायचा, साधी सरासरी नाही. सगळं कॅलिब्रेशन लॉगवर बसलेलं आहे म्हणून. फरक शतांशातच पडतो, पण शीटमध्ये एक शब्द बदलून काम होतं, तर बरोबरच का करू नये?

```
=GEOMEAN(B2:B21)
=ROUND((C2/$E$1)^$E$2,1)
```

पहिली ओळ वीस जणांवरून एमएनपीटी देते. दुसरी ओळ आयएनआर देते: C2 मध्ये रुग्णाचा पीटी, E1 मध्ये एमएनपीटी, E2 मध्ये आयएसआय. मशीन स्वतः आयएनआर काढत असलं तरी ही शीट ठेवावी. मशीनच्या पोटात कोणते आकडे आहेत ते त्याच्या उत्तरावरून उलट तपासता येतं.

इन्सर्टमध्ये कंपनीने स्वतःचा एमएनपीटीही छापलेला असतो. तो त्यांच्या लॅबमधल्या माणसांचा आणि त्यांच्या मशीनचा असतो. तो घेऊ नये.

आयएसआयचा कोणता रकाना

आता मावशींच्या रिपोर्टाकडे परत. लॉटच्या कागदावर एकच आयएसआय क्वचितच असतो. मशीनचा प्रकार बदलला की गुठळी ओळखण्याचा क्षण बदलतो, आणि त्याबरोबर आयएसआयही. आमच्या त्या कागदावर दोन रकाने होते, हाताने करायच्या पद्धतीसाठी 1.10 आणि ऑप्टिकल मशीनसाठी 1.25. आमचं मशीन ऑप्टिकल. सोमवारी घाईत वरच्या ओळीतला 1.10 भरला गेला. एमएनपीटी मात्र नीट काढला होता, 12.4 सेकंद.

मावशींचा पीटी 28.9 सेकंद होता. 28.9 भागिले 12.4 म्हणजे 2.33. त्याचा 1.10 वा घात 2.5, आणि 1.25 वा घात 2.9. म्हणजे मावशी होत्या तिथेच होत्या.

पण मॅडमचा फोन आला त्या दुपारी आम्हाला हे माहीत नव्हतं. कागद पुन्हा वाचायच्या आधी आम्ही फ्रीझरमधले प्रमाणित प्लाझ्मा काढले. ज्यांचा आयएनआर कंपनीने आधीच मोजून दिलेला असतो असे प्लाझ्मा मिळतात, लॉट बदलताना ते लावलेच पाहिजेत. आमच्याकडे तीन होते, 2.0, 3.0 आणि 4.0 चे. मशीनवर सेकंद आले 21.6, 29.9 आणि 37.6. आयएनआर आले 1.84, 2.63 आणि 3.39.

तीनही खाली, हे पाहून कोणीही म्हणेल काहीतरी चुकलंय. पण काय चुकलंय ते टक्केवारीत कळतं. पहिला 8 टक्क्यांनी कमी, दुसरा 12 टक्क्यांनी, तिसरा 15 टक्क्यांनी. तूट आयएनआरबरोबर वाढत चालली आहे. घातांक कमी पडला की असंच होतं, जितकं गुणोत्तर मोठं तितकी तूट मोठी. उलट एमएनपीटी चुकला असता, समजा 12.4 च्या जागी 13.2 भरला असता आणि आयएसआय बरोबर 1.25 असता, तर आकडे 1.85, 2.77 आणि 3.70 आले असते. म्हणजे तिन्हीकडे तूट सारखीच, साडेसात टक्के. कारण एमएनपीटीची चूक प्रत्येक गुणोत्तराला एकाच संख्येने गुणते. ही खूण मी आमच्या मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो: तूट सगळीकडे सारखी असेल तर एमएनपीटीकडे बघा, वर जाताना वाढत असेल तर आयएसआयकडे.

मग उलटा हिशोब केला. प्रमाणित आयएनआर माहीत आहे, गुणोत्तर माहीत आहे, तर घातांक किती असायला हवा?

```
ISI = log(प्रमाणित INR) / log(PT / MNPT)
```

3.0 च्या प्लाझ्मासाठी: 29.9 भागिले 12.4 म्हणजे 2.411. log(3.0) 0.477, log(2.411) 0.382, भागाकार 1.25. बाकीच्या दोघांचंही उत्तर 1.25. तिन्ही प्लाझ्मा एकच आकडा सांगत होते, तेव्हा कागद काढला आणि खालच्या ओळीत तोच आकडा छापलेला दिसला.

हा उलटा हिशोब संशय पक्का करण्यासाठी आहे, तीन प्लाझ्मांवरून स्वतःचा आयएसआय ठरवून वापरायला लागण्यासाठी नाही. कागदावरचा योग्य रकाना भरूनही प्रमाणित प्लाझ्मांपासून साधारण 15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक राहत असेल, तर कंपनीकडून कॅलिब्रेशनसाठीचा पूर्ण संच मागवून आपल्या मशीनसाठी स्थानिक आयएसआय काढावा लागतो. आणि आपलं मशीन कागदावर कुठेच नसेल तर अंदाजाने जवळचा रकाना पकडू नये, पुरवठादाराला लेखी विचारावं. उत्तर आलं नाही तर दुसरं रिएजंट घ्यावं.

ही चूक छोट्या लॅबचीच असते असं समजू नका. 2001 साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका रुग्णालयात रिएजंट बदलल्यावर चुकीचा आयएसआय वापरला गेला. कित्येक आठवडे शेकडो रुग्णांचे आयएनआर होते त्यापेक्षा कमी छापले गेले, त्यावरून गोळ्या वाढवल्या गेल्या आणि रुग्ण दगावल्याचीही नोंद झाली. आमचीही दिशा तीच होती, खोटा कमी आयएनआर. खोटा जास्त आला तर डॉक्टर गोळी थांबवतात आणि झडपेवर गुठळी बसू शकते. खोटा कमी आला तर गोळी वाढते आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आयएनआर कुठे वापरू नये

आयएसआय गोळीवरच्या रुग्णांवरून काढलेला असतो, म्हणून आयएनआरही त्यांच्यासाठीच भरवशाचा. लिव्हरच्या आजारात फॅक्टर पाच आणि फायब्रिनोजेनही घटतात, जे गोळीने घटत नाहीत. तिथे दोन रिएजंट एकाच रुग्णाचे वेगळे आयएनआर देऊ शकतात. लिव्हरच्या रुग्णाचा आयएनआर डॉक्टर पाहतात हे खरं, पण मग तो एकाच लॅबमध्ये एकाच रिएजंटवर बघत जावा. रिव्हारॉक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांनीही पीटी लांबतो, पण किती ते रिएजंटवर अवलंबून असतं. त्या रुग्णाच्या रिपोर्टावर आयएनआर 1.6 आला म्हणून गोळीचा परिणाम "कमी" किंवा "पुरेसा" असं काहीच ठरत नाही. मागणीच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहायला सांगणं एवढंच आपल्या हातात असतं, आणि निम्म्या चिठ्ठ्यांवर ते नसतंच.

हेपरिन चालू असलेल्या रुग्णासाठी इन्सर्ट वाचा. बहुतेक रिएजंटमध्ये हेपरिन निष्प्रभ करणारा घटक असतो, पण एका मर्यादेपर्यंतच. हेपरिन चालू असलेल्या सलाइनच्या लाइनमधूनच रक्त घेतलं असेल तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

लॉट बदलताना आम्ही आता काय करतो

पुरवठादाराला आम्ही वर्षभर पुरेल एवढा एकच लॉट राखून ठेवायला सांगतो. लॉट जितके कमी बदलतील तितके एमएनपीटी कमी वेळा काढावे लागतात. जुना लॉट संपायच्या निदान दोन आठवडे आधी नवा येतो. त्या दोन आठवड्यांत वीस निरोगी माणसं होतात, आणि रोजच्या आयएनआरच्या रुग्णांपैकी काही सॅम्पल दोन्ही लॉटवर धावतात. त्यात कमी, मध्यम आणि जास्त आयएनआरचे सगळे येतील असं बघतो, नाहीतर सगळे 2.2 च्या आसपासचे निघतात आणि घातांकातली चूक लपून बसते. मग प्रमाणित प्लाझ्मा. हे सगळं जुळल्यावरच मशीनमध्ये नवे आकडे भरायचे. भरल्यावर मशीनवरचा एक आयएनआर शीटमध्ये पुन्हा काढून बघायचा, म्हणजे आकडे खरंच बदलले का, की नवा आयएसआय आणि जुनाच एमएनपीटी राहिला, ते कळतं. ही दुसरी चूक मी दोनदा पाहिली आहे.

रिपोर्टावर आम्ही पीटी एका दशांशापर्यंत, एमएनपीटी, आयएसआय आणि आयएनआर एका दशांशापर्यंत छापतो. "कंट्रोल" हा शब्द काढून टाकला. पहिल्या महिन्यात तीन डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "कंट्रोल का नाही दिला?"

त्या सोमवारपासूनचे सगळे रिपोर्ट परत काढले. सेकंद जतन होते, म्हणून पुन्हा रक्त घ्यावं लागलं नाही, नव्या आयएसआयने आयएनआर पुन्हा काढला आणि "सुधारित" असं लिहून पाठवला. ज्यांचा सुधारित आकडा 3.5 च्या वर गेला त्यांच्या डॉक्टरांना त्याच संध्याकाळी फोन केले. मशीनच्या झाकणावर आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर लॉट नंबर, एमएनपीटी, आयएसआय, "ऑप्टिकल रकाना" हे दोन शब्द, तारीख आणि दोन सह्या असतात, एक भरणाऱ्याची आणि एक कागदाशी ताडून बघणाऱ्याची.